आभाळ बदलून मागण्याआधी: पावसात सापडलेल्या लग्नाच्या फोटोंबाबत या चुका टाळा

नमस्कार ताई, नमस्कार दादा,

तुमची यादी मिळाली. मेणवलीच्या घाटावरचे १४० फोटो आणि लॉनवरचे साठेक, सगळ्यांपुढे तुम्ही एकच सूचना लिहिली आहे: "आभाळ निळं करा, पाऊस काढा." मे महिन्यात साडेचारच्या ठोक्याला वळीव कोसळला आणि दोन महिने ठरवलेली संध्याकाळ अर्ध्या तासात बदलली. तुमची हुरहूर मला समजते. म्हणूनच नुसतं 'बघतो' असं न म्हणता काय जमेल, काय जमणार नाही आणि का, ते नीट लिहितो. अशा वेळी जोडप्यांकडून होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. त्या टाळल्या तर तुमचे पैसेही वाचतील आणि फोटोही.

चूक पहिली: आभाळाकडे बघून ठरवणं

आभाळ कोणतं बसेल हे तुमच्या चेहऱ्यावर पडलेला उजेड ठरवतो. मे महिन्यात साडेचारला ऊन असतं, तर ते एका बाजूनं आलं असतं. नाकाची सावली गालावर पडली असती, फेट्याच्या कडेची कपाळावर आणि तुमची दोघांची घाटाच्या पायऱ्यांवर. तुमच्या फोटोंत यातली एकही सावली नाही, कारण ढगांनी तो उजेड गाळून सगळीकडून सारखा पाडला आहे. त्यामागे कडक निळं आभाळ ठेवलं, तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण 'चिकटवलंय' हे लगेच कळेल.

मावळतीच्या केशरी आभाळाचं तर त्याहून अवघड. तसं आभाळ मागे असेल तर केसांच्या आणि खांद्यांच्या कडेला केशरी रेघ हवी, शालूची जर तांबूस चमकायला हवी. तो उजेड त्या दिवशी तिथं नव्हताच. एका जरीच्या काठावर तो हातानं रंगवायला बसलो तर दिवस जाईल आणि तरीही खोटा दिसेल.

बसेल असं एक आभाळ मात्र आहे. पाऊस थांबल्यावर साडेपाचच्या सुमारास ढगांना आकार आला होता, मधे फटी पडल्या होत्या, कडा उजळल्या होत्या. तुम्ही गाडीत कपडे सारखे करत होतात, तेव्हा त्याच पायऱ्यांवरून, त्याच लेन्सनं मी नुसत्या आभाळाचे बारा फोटो काढून ठेवले. ते आभाळ तुमच्याच संध्याकाळचं आहे, आणि त्याचा उजेड तुमच्या चेहऱ्यांशी जुळतो. नेटवरून निवडून पाठवलेली तीन आभाळं मी वापरणार नाही. दोनांत सूर्य खाली क्षितिजाजवळ आहे, आणि तिसऱ्याचं क्षितिज तुमच्या फोटोत कमरेशी येतं. शिवाय ती दुसऱ्यांनी काढलेली आहेत.

चूक दुसरी: सगळं पांढरं आभाळ सारखंच समजणं

पांढऱ्या आभाळाचे दोन प्रकार असतात. एकात ढगांची माहिती फाइलमध्ये असते, फक्त ती फार उजळ नोंदली गेलेली असते. दुसऱ्यात कॅमेऱ्याचा सेन्सर भरून ओसंडलेला असतो आणि त्या जागी काहीच नोंदलेलं नसतं. पहिलं परत आणता येतं, दुसरं कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही. तिथं दुसरं आभाळच बसवावं लागतं.

मी तुम्हाला पाठवलेल्या जेपेगमध्ये हा फरक दिसत नाही. माझ्याकडच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं नोंदलेल्या मूळ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६ हजारांहून जास्त पायऱ्या असतात, जेपेगमध्ये फक्त २५६. म्हणून निवड करताना 'याचं आभाळ गेलंय' असं तुम्ही ठरवू नका, मी खुणा करून देतो.

घाटावर मी सुरुवातीला फ्लॅशशिवाय काढत होतो. चेहरे नीट यावेत म्हणून उजेड वाढवला आणि आभाळ पांढरं झालं. नंतर सहायकाकडे छत्रीखाली फ्लॅश दिला, चेहरे त्यानं उजळले आणि आभाळ दीड स्टॉप कमी उजळ ठेवता आलं. त्या ४६ फोटोंत ढग शाबूत आहेत, ते नुसते उजेड-छाया सारखी करून वर आणायचे. खरं आभाळ राहील आणि जादा खर्चही नाही. उरलेल्यांपैकी १८ फोटोंत आभाळ बसवणं योग्य आहे. बाकीचे ७६ जवळून घेतलेले आहेत, मागे पांढरी, मऊ पार्श्वभूमी आहे. तिथं आभाळ घातलं तर नजर चेहऱ्यावरून उडेल. ते तसेच ठेवावेत हा माझा आग्रह आहे.

त्या अठरांपैकी क्रमांक २१२ करून पाहिला, तो सोबत जोडला आहे. तुम्ही दोघं पायऱ्यांवर, मागे कृष्णेचं पात्र, पलीकडे झाडी. साडेपाचच्या आभाळाचा थर वर ठेवला आणि मिसळण्याची पद्धत Multiply निवडली. या पद्धतीत पांढऱ्यावर आभाळ जसंच्या तसं उमटतं आणि काळ्यावर काळंच राहतं, त्यामुळे ताई, तुमचे सुटे केस एकेक करून कापावे लागले नाहीत. अडचण आली ती उजळ गोष्टींची. मुंडावळ्यांचे मोती आणि फेट्याचा तुरा आभाळाच्या रंगानं निळसर झाले. तेवढे मास्क करून हातानं वाचवले, झाडीही तशीच.

पण आभाळ बदललं की काम संपत नाही. खाली नदी पांढरं आभाळ दाखवत होती आणि ओल्या पायऱ्याही. त्याच आभाळाची उलटी प्रतिमा पाण्यावर अगदी फिकी घातली, कारण सरींनी पाणी थरथरत होतं आणि अशा पाण्यात स्पष्ट प्रतिबिंब पडत नाही. पायऱ्यांवरची चमक थोडी करडी केली. मागची झाडी लेन्समुळे धूसर आहे, तेव्हा ढगही तितकेच धूसर केले. नव्या आभाळात कॅमेऱ्याचे दाणे नव्हते, तेही घातले. एका फोटोला पाऊण तास लागला. २१२ मध्ये आधी पाणी बघा, मग केसांची कड, मग ढग.

अल्बममधली एक गोष्ट इथंच सांगतो. समोरासमोरच्या दोन पानांवर एकाच वेळचे फोटो असतील तर आभाळही एकच हवं. एकात ढग डावीकडून उजळलेले आणि शेजारी उजवीकडून, असं झालं तर दोन्ही फोटो पडतात. म्हणून अठरा फोटो मी सुटे सुटे न करता पानांच्या क्रमानं करणार आहे.

चूक तिसरी: 'ती निळी ताडपत्री फक्त पुसून टाका'

लॉनवरच्या फोटोंत मला खरी काळजी ताडपत्रीची आहे. स्टेजवर पाणी गळायला लागलं तेव्हा मंडपवाल्यानं ती ओढली, आणि तसं करणं गरजेचंच होतं. पण ती मागे दिसते हा त्रासाचा छोटा भाग आहे. तिच्यातून गाळून आलेला उजेडही निळा होता. दादा, तुमचा पांढरा फेटा निळसर दिसतो आणि मामांचे चेहरे राखाडी. त्याच वेळी समोरून पिवळे दिवे होते. निळं सारखं करायला गेलो की पिवळी बाजू संत्र्यासारखी होते.

उपाय असा आहे: एकच रॉ फाइल दोनदा उघडायची, एकदा निळ्या उजेडासाठी रंग बसवून आणि एकदा पिवळ्यासाठी, मग दोन्ही चेहऱ्यावर जोडायच्या. जोडणीची रेष साधारण नाकावरून जाते. दोन-तीन माणसांच्या फोटोत हे चांगलं जमतं. वराच्या कुटुंबासोबतच्या तीस माणसांच्या फोटोत प्रत्येक चेहऱ्यावर मिश्रण वेगळं आहे, तिथं जमणार नाही. ते सहा फोटो कृष्णधवल करावेत असं मला वाटतं. रंगच नसला की निळ्या-पिवळ्याचं भांडण मिटतं, आणि त्या फोटोंतली माणसं हसताना फार सुंदर आली आहेत.

ताडपत्री पूर्ण काढायची तर तिच्यामागे काय होतं ते माझ्याकडे असायला हवं. सकाळी नऊला रिकाम्या स्टेजचे फोटो काढले होते. त्यातले चार अशा जागेवरून आहेत की संध्याकाळच्या फोटोंशी जुळतात, तिथं फुलांची खरी सजावट परत आणता येईल. बाकी ठिकाणी कॅमेरा दोन हात जरी सरकला असला, तरी पुढचे खांब आणि मागची फुलं एकमेकांच्या मागे नीट बसत नाहीत. तिथं ताडपत्रीचा निळा रंग काढून तिला कापडासारखी मळकट पांढरी करतो. ती दिसेल, पण खुपणार नाही.

चूक चौथी: पावसाच्या सगळ्या खुणा काढायला सांगणं

पावसाच्या रेघा आणि भिंगावरचा थेंब या वेगळ्या गोष्टी आहेत. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगानं पडतो, आणि माझं शटर १/२५० होतं, म्हणून तो फोटोत तीन-साडेतीन सेंटिमीटरची रेघ होऊन येतो. झाडीवरच्या, आभाळातल्या रेघा काढता येतात. चेहऱ्यावरून आणि पैठणीच्या बुट्ट्यांवरून गेलेल्या सगळ्या काढल्या तर खालची त्वचा आणि वीण गुळगुळीत होते, म्हणून तिथं फक्त डोळ्यांवरच्या काढेन. फ्लॅशमध्ये चमकलेले पांढरे गोळे मात्र जवळजवळ सगळे काढता येतील.

भिंगावरच्या थेंबाची चूक माझी आहे. सलग अकरा फोटोंत उजवीकडे वर एकाच जागी धुरकट डाग आहे, आणि पुसायचं मला उशिरा सुचलं. त्यातल्या आठांत तो झाडीवर आहे, तिथला धुरकटपणा कमी करून मी ते विनामूल्य सारखे करतो. तीनांत तो ताईंच्या चेहऱ्यावर आला आहे. डोळ्याची धार त्या जागी नोंदलीच गेली नाही, आणि दुसऱ्या फोटोतला डोळा आणून बसवायला मी तयार नाही. ते तीन फोटो मी अल्बममधून वगळतो.

निवड करताना

मोबाइलवर बघून पसंती कळवू नका, आणि ज्या फोटोंना तुम्ही स्वतः फिल्टर लावून व्हॉट्सॲपवरून परत पाठवलंत, ते नमुना म्हणून ठीक, पण काम त्यांच्यावर होत नाही. अल्बमचं उलगडलेलं पान ३६ इंच रुंद आहे. ६,००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत केसांभोवती तीन पिक्सेलची पांढरी कड राहिली, तर मोबाइलवर ती दिसतच नाही, पण त्या पानावर अर्ध्या मिलिमीटरची होते. २१२ ची मूळ आकाराची फाइल लॅपटॉपवर उघडा, पूर्ण मोठी करा आणि ताईंच्या केसांवरून, तुऱ्यावरून हळूहळू सरकत बघा. कुठे कड दिसली तर तिथं बोट ठेवून मला स्क्रीनशॉट पाठवा.

त्या अठरांची यादी वेगळी जोडली आहे. त्यातले नको असतील ते खोडून रविवारपर्यंत कळवा, म्हणजे सोमवारी पानांच्या क्रमानं सुरुवात करतो. आणि क्रमांक १८७ कृपा करून तसाच राहू द्या. एका छत्रीत दोघं, दादांचा अर्धा खांदा भिजलेला, मागे पांढरी सर. त्यात बदलण्यासारखं मला काहीच सापडलं नाही.

तुमचा,
फोटोग्राफर