खेळण्यांच्या फोटोवरून झोपेची गोष्ट: या चुका टाळा

भरलेल्या फळीचा फोटो पाहून गोष्ट रचायला बसलं की बहुतेक आई-बाबा हजेरी घेऊ लागतात. एक होता हत्ती, एक होतं अस्वल, एक होती ठकी... माझ्या मेहुण्यांनी तर फळीवरचं एकूण एक खेळणं गोष्टीत कोंबलं. लेक खूश होईल असं त्यांना वाटलं. झालीही! "बाबा, मग जिराफ कुठे गेला?" "ठकी जेवली का?" एकेकाचा हिशेब मागत ती अंथरुणात उठून बसली. साडेअकराला मेहुणे पेंगत होते, ती टक्क जागी. गोष्टीत आणलेल्या प्रत्येकाला घरी पोचवावं लागतं, म्हणून तीन पात्रं पुरेत.

ती तीन निवडायची कशी? मी फोटो मोठा करून काय बिघडलंय ते शोधते. त्यांच्याच फोटोत सावंतवाडीच्या लाकडी भातुकलीतल्या पातेल्यावर झाकणाऐवजी ट्रकचं चाक होतं. ट्रक तीन चाकांवर, पुस्तकांना टेकून उभा. आणि खरं झाकण? डायनासोरच्या पायाखाली, नुसती लाल कड दिसत होती. चांगलं दोन मिनिटं पाहिल्याशिवाय हे दिसत नाही. पण लोकांना तेवढाही धीर नसतो, ते आपले तडक "एक आटपाट नगर होतं" करून मोकळे.

दुसरी चूक म्हणजे गोष्ट फोटोपासून सुरू करणं. तशी सुरू केली की पुढे काहीही घडू शकतं, आणि मग बाबांनाच शेवट सापडत नाही. फोटो शेवटी ठेवा आणि सगळं असं का झालं ते सांगा. पातेल्यात दूध तापलं, झाकण सापडेना. डायनासोरला विचारलं, पण तो उभ्या उभ्या घोरत होता. ट्रक म्हणाला, "आज कुठे जायचं नाहीये, माझं चाक घ्या." चाक बरोब्बर बसलं. ट्रक पुस्तकांना टेकला. संपली गोष्ट. सकाळी पोरगी फळीपाशी गेली की सगळं जागच्या जागी सापडतं. त्यासाठी रात्री फळी आवरायची नाही, हेही सांगून ठेवते.

फोटोत नसलेली परी आणू नका, मुलं पडताळून बघतात. अंथरुणात मोबाईल नको, फोटो आधीच पाहून घ्या. "मग काय झालं असेल, सांग बरं?" हा प्रश्न दिवसा विचारा, रात्री त्याने झोप उडते. तात्पर्य तर नकोच. चाक दिलं, दूध झाकलं, एवढं पोराला कळतं.

दुसऱ्या रात्री तीच गोष्ट मागितली तर तीच सांगा, आणि झाकण लालच ठेवा. निळं म्हणालात की पुन्हा उठून बसलीच म्हणून समजा.