मुदतीची वचनचिठ्ठी विकत घेताना ‘यथाविधी धारक’ कसे व्हावे

समजा, सुनीताबाईंनी महेशकडून एक यंत्र विकत घ्यायचे ठरवले आणि 3 एप्रिल 2025 रोजी त्याला पाच लाख रुपयांची वचनचिठ्ठी लिहून दिली. तारखेपासून तीन महिन्यांनी ‘महेश यांना किंवा त्यांच्या आदेशानुसार’ पैसे देईन, असे तिच्यात म्हटले आहे. महेशला पैशांची नड आहे. मे महिन्यात तो तुमच्याकडे येतो आणि 4,85,000 रुपयांना चिठ्ठी घ्या म्हणतो. मुदत भरल्यावर सुनीताबाई सांगतात, ‘यंत्र आलेच नाही, पैसे कशाचे द्यायचे?’

महेशने वसुलीचा दावा केला असता तर हा बचाव टिकला असता. तुमच्याविरुद्ध तो टिकेल की नाही, हे चिठ्ठी घेताना तुम्ही काय केले होते त्यावर ठरते. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 9 प्रमाणे तुम्ही यथाविधी धारक, म्हणजे होल्डर इन ड्यू कोर्स असाल, तर पूर्ण पाच लाख मागता येतात. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: मोबदला देऊन घेणे, रक्कम देय होण्यापूर्वी घेणे, आणि देणाऱ्याच्या हक्कात खोट आहे असे मानायला पुरेसे कारण नसणे.

आधी कागद नीट पाहा

पहिली नजर मुद्रांकावर टाका. मागणी करताच देय असलेल्या चिठ्ठीला चालणारा रेव्हेन्यू स्टॅम्प मुदतीच्या चिठ्ठीला पुरेलच असे नाही. दोन्हींचे मुद्रांक शुल्क वेगळे असते. चिकटवलेला स्टॅम्प सही किंवा रेघ मारून रद्द केलेला नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने चिठ्ठीवर स्टॅम्प नाहीच. इतर बऱ्याच दस्तांची मुद्रांकातली कसर दंड भरून काढता येते. वचनचिठ्ठी आणि विनिमयपत्र, म्हणजे एकाने दुसऱ्याला पैसे देण्याचा दिलेला लेखी आदेश, यांना ती सवलत नाही. कोर्ट असा कागद पुराव्यात घेतच नाही. महेश निदान मूळ विक्री-व्यवहारावर दावा करू शकतो. तुमचा सुनीताबाईंशी असा कोणताच व्यवहार नाही, म्हणून ही चूक तुम्हाला जास्त महागात पडते.

मग खाडाखोड पाहा. रक्कम, तारीख, मुदत किंवा पैसे देण्याचे ठिकाण लिहिणाऱ्याच्या संमतीशिवाय बदललेले असेल, तर चिठ्ठी सुनीताबाईंपुरती रद्द होते आणि तुमचा प्रामाणिकपणा तिथे कामाला येत नाही. बदलाखाली सुनीताबाईंची सही नसेल तर चिठ्ठी घेऊ नका.

‘आदेशानुसार’ हा शब्द नसला म्हणून बिघडत नाही. चिठ्ठी नावाने लिहिलेली असेल आणि हस्तांतराला मनाई करणारे शब्द नसतील, तर ती आदेशदेयच मानली जाते. ‘फक्त महेश यांनाच’ असे लिहिले असेल, तर मात्र सौदा तिथेच थांबवा. विनिमयपत्र असेल तर आणखी एक गोष्ट: ज्याच्यावर ते काढले आहे त्याची स्वीकृतीची सही आधी शोधा. ती नसेल, तर तो माणूस अजून बांधला गेलेला नाही.

देय तारीख स्वतः मोजा

3 एप्रिलपासून तीन महिने म्हणजे 3 जुलै. मुदतीच्या चिठ्ठीला कायद्याने तीन दिवसांची सवलत मिळते, म्हणून 6 जुलै. त्या दिवशी रविवार आहे. देय दिवस सार्वजनिक सुट्टीचा आला तर आधीचा कामकाजाचा दिवस धरतात, त्यामुळे ही चिठ्ठी शनिवारी, 5 जुलै 2025 रोजी देय होते. सुट्टी आली की दिवस पुढे जातो असे बहुतेकांना वाटते. इथे तो मागे येतो. पाच तारखेच्या संध्याकाळी ‘अजून एक दिवस आहे’ म्हणून चिठ्ठी घेणारा यथाविधी धारकाच्या जागेवरून घसरलेला असतो. मुदत उलटल्यावर घेतलेल्या चिठ्ठीवर तुम्हाला साधारणपणे महेशइतकाच हक्क मिळतो, आणि त्याच्या हक्कातल्या खोटीही सोबत येतात.

चौकशी आणि पैसे

आपला कायदा नुसत्या प्रामाणिकपणावर थांबत नाही. शंका यावी अशी परिस्थिती समोर असताना डोळेझाक केली, तर ‘मला माहीत नव्हते’ एवढे सांगून भागत नाही. पाच लाखांवर पंधरा हजारांची सूट, मुदत जवळ असताना, व्यापारात खपते. तीच चिठ्ठी महेश दोन लाखांना द्यायला निघाला, तर का, हे विचारलेच पाहिजे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे घेण्याआधी सुनीताबाईंना लेखी विचारणे: चिठ्ठी तुमचीच ना, काही तक्रार आहे का? त्यांनी यंत्र न आल्याचे कळवले, तर तुमची वाट बंद झाली. पण निदान 4,85,000 रुपये तरी वाचले. पाहायचे असते ते घेण्याच्या क्षणी काय माहीत होते एवढेच. सौदा पूर्ण झाल्यावर आठवड्याने तक्रार कानावर आली, तर तिने तुमचा हक्क जात नाही.

पैसे बँकेतून, एकरकमी द्या. कलम 118 प्रमाणे धारक हा यथाविधी धारक आहे असेच कोर्ट गृहीत धरते. मात्र चिठ्ठी फसवणुकीने, गुन्ह्याने किंवा बेकायदा मोबदल्यावर मिळवली होती असे सिद्ध झाले, की सिद्धतेचा भार उलटून तुमच्यावर येतो. तेव्हा बँकेचे स्टेटमेंट आणि सुनीताबाईंचे उत्तरच तुम्हाला वाचवतात.

पृष्ठांकन आणि ताबा

महेशने चिठ्ठीच्या मागे ‘तुमचे नाव यांना किंवा त्यांच्या आदेशानुसार द्यावेत’ असे लिहून, तारीख घालून, तुमच्यासमोर सही करावी आणि चिठ्ठी तुमच्या हातात द्यावी. सही आणि ताबा यातले एक जरी राहिले तरी परक्रामण, म्हणजे चिठ्ठीचे हस्तांतर, अपुरे. पाच लाखांपैकी तीन लाखांचेच पृष्ठांकन करता येत नाही. काही रक्कम आधीच चुकती झाली असेल आणि तशी नोंद चिठ्ठीवर असेल, तर उरलेल्या रकमेचे चालते. ‘माझ्यावर जबाबदारी नाही’ अशा अर्थाचे शब्द महेशने घातले, तर चिठ्ठी न वटल्यास त्याच्याकडून पैसे मागता येणार नाहीत. अशा वेळी भाव तसा ठरवा.

समोर सही घेण्याचा आग्रह उगाच नाही. महेशची सही दुसऱ्याच कोणी ठोकली असेल, तर तिच्यातून तुमच्याकडे हक्कच येत नाही आणि यथाविधी धारक असण्याचे कवचही उपयोगी पडत नाही. यंत्र न येणे, मोबदला बुडणे, महेशने थाप मारून चिठ्ठी घेणे हे बचाव हे कवच थोपवते. खोटी सही नाही. सुनीताबाईंची स्वतःची सही खोटी निघाली, तरी त्यांच्याकडून काही मिळत नाही.

उलट बाजूने, तुमच्याकडून पुढे चिठ्ठी घेणाऱ्याला तुमचे कवच मिळते. त्याला यंत्राची भानगड आधीच ठाऊक असली तरीही, मात्र तो त्या लबाडीत सामील नसावा.

देय दिवशी

5 जुलैला चिठ्ठी सुनीताबाईंसमोर मांडा. पैसे मिळाले नाहीत तर महेशला लगेच सूचना द्या, नाहीतर तो हातचा सुटतो. तो दुसऱ्या गावी असेल तर पुढच्या टपालाने किंवा दुसऱ्या दिवशी सूचना रवाना व्हायला हवी. त्याच गावात असेल तर ती दुसऱ्या दिवशी पोहोचेल अशी पाठवावी. नंतर दोघांवरही एकत्र दावा लावता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालच्या संक्षिप्त दाव्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते. सुनीताबाईंवरचा दावा देय तारखेपासून तीन वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे.