लोगोचे मॉकअप तपासताना या चुका टाळा

जळगावच्या एका डाळ मिलसाठी लोगो केला होता: गडद हिरवं तुरीचं पान आणि खाली नाव. मॉकअपमध्ये तो काळ्या व्हिजिटिंग कार्डावर सोनेरी फॉइलमध्ये चमकवला. मालक खूश! महिनाभराने काळ्या गोण्या छापून आल्या तेव्हा त्यांचा फोन आला, "भाऊ, हाई काय शे? पान कुठंय?"

चूक माझीच होती. फॉइलची चमक आणि कडेची सावली मॉकअपच्या फाइलमधूनच येते, लोगोशी तिचा काही संबंध नसतो. त्या चमकीखाली खरा रंग काळ्यावर दिसतो की नाही, हे कुणी पाहिलंच नव्हतं. पानाचा हिरवा #1B5E20 होता. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट साधारण 7.9 येतो, काळ्यावर जेमतेम 2.7. चिन्हासाठी किमान 3 तरी हवा असतो. म्हणजे गडद पार्श्वभूमीवर पान दिसणारच नव्हतं.

म्हणून आता मॉकअपच्या आधी लोगोच्या चार साध्या आवृत्त्या दाखवतो: पांढऱ्यावर रंगीत, काळ्यावर रंगीत, फक्त काळा, आणि काळ्यावर फक्त पांढरा. चारही ठिकाणी आकार सारखाच, सावली नाही, ग्लो नाही. काळ्यावर पान बुडत असेल तर मागे पांढरी चौकट किंवा कडेला पांढरी रेघ देऊन ते वाचवू नका. फिकट हिरव्याची वेगळी आवृत्ती करा आणि ती वेगळी आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा.

काळ्यावरच्या पांढऱ्या आवृत्तीत आणखी एक फसवणूक असते. स्क्रीनवर पांढरी अक्षरं जाड भासतात, छापताना मात्र भोवतीची शाई आत पसरते आणि ती बारीक होतात. देवनागरीत पहिला बळी जातो अनुस्वाराचा, मग 'ष'च्या पोटातली रेघ अस्पष्ट होते. त्यामुळे स्क्रीनवर पाहून निर्णय घेऊ नका. ही पांढरी आवृत्ती 15 मिलिमीटर रुंदीत, भोवती काळी शाई भरून छापा, त्या कागदाची झेरॉक्स काढा आणि हात लांब करून वाचा. टिंब दिसत नसेल तर छोट्या आकारासाठी ते मोठं करा.

मॉकअपची यादीही मिलच्या रोजच्या वापरातून काढा. संगमरवरी भिंतीवरचा पितळी लोगो मिलला कधी लागणारच नाही. लागते विणलेली प्लास्टिकची गोणी. तिच्यावर बहुतेक वेळा एकाच रंगात छपाई होते आणि विणीमुळे बारीक रेघा तुटतात. त्याशिवाय बिलबुकावरचा रबरी शिक्का, व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत कापले जाणारे कोपरे, आणि मे महिन्याच्या उन्हात फिकटलेला टेम्पोमागचा फ्लेक्स. गोणीच्या मॉकअपमध्ये लोगो सपाट आणि गुळगुळीत दिसत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या फिकट गोणीचा सरळ समोरून फोटो काढा आणि एकरंगी लोगो त्यावर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवा. विणीतून दिसणारं पानच ग्राहकाला दाखवा.

त्या मिलच्या पुढच्या गोण्यांवर आता पान एकाच रंगात आहे, आतल्या पाच शिरांऐवजी फक्त मधली एक शीर ठेवून.