बँकेचा व्हॅल्युअर आणि तुमचं गृहकर्ज: या चुका टाळा

‘फ्लॅट बहात्तर लाखांचा आहे, बँक ऐंशी टक्के देते, म्हणजे साडेसत्तावन्न लाख कर्ज मिळेल. आपल्याकडे साडेचौदा लाख आहेत, झालं काम.’ रीसेलचा फ्लॅट घेणारी बरीच कुटुंबं हा हिशेब मांडून इसार देऊन टाकतात. पंधरा दिवसांनी बँकेतून फोन येतो की व्हॅल्युएशन कमी आलंय. तोपर्यंत इसाराचे दोन-तीन लाख विक्रेत्याच्या खात्यात गेलेले असतात आणि करारनाम्याची तारीख ठरलेली असते.

मुळात ऐंशी टक्के कशाचे, हेच पाहायचं राहून गेलेलं असतं. विक्रेत्याने सांगितलेली किंमत बँक धरत नाही. करारनाम्यातली किंमत आणि तिच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरने काढलेलं मूल्य, या दोन्हींतला कमी आकडा ती घेते आणि टक्केवारी त्याला लावते. कर्ज आणि मूल्य यांच्या या प्रमाणाला बँकेच्या भाषेत एलटीव्ही म्हणतात. तुमच्या पगारावर बसणारं कर्ज वेगळं काढलं जातं आणि दोन्हींपैकी जे कमी, तेच मंजूर होतं.

व्हॅल्युअर नेमकं काय करतो

बँक त्याला कागद पाठवते: आधीच्या मालकाचा करारनामा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची कागदपत्रं. मग तो फ्लॅटवर येतो, खोल्या मोजतो, फोटो काढतो, इमारतीचं वय, मजला, लिफ्ट, पार्किंग, रस्त्याची रुंदी टिपून घेतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्याच सोसायटीत किंवा आसपास गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष नोंदणी झालेले व्यवहार तो शोधतो, स्थानिक एजंटांना विचारतो, आणि मजला, वय, सोयी यांतल्या फरकाप्रमाणे दर थोडा वर-खाली करून या फ्लॅटचा दर ठरवतो. दर गुणिले क्षेत्रफळ, असा फ्लॅटचा साधा हिशेब असतो. बंगला असेल तर जमिनीची किंमत वेगळी धरतात आणि बांधकामाची वेगळी. बांधकामाचा आजचा खर्च काढून त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा होतो.

अहवालात सहसा एकापेक्षा जास्त आकडे असतात. एक बाजारमूल्य, दुसरं त्याहून थोडं कमी, म्हणजे विकायला काढल्यावर वाजवी मुदतीत हाती येईल असं मूल्य, आणि तिसरं सगळ्यांत कमी, घाईने किंवा लिलावात विकावं लागलं तर मिळेल ते. शिवाय सरकारी रेडी रेकनरप्रमाणे येणारी किंमत. कुठली बँक कर्जासाठी कुठला आकडा धरते हे तिच्या धोरणावर अवलंबून असतं. म्हणून अर्ज करतानाच हे स्पष्ट विचारून घ्यावं.

कर्ज थकलं तर बँकेला हा फ्लॅट २००२ च्या सरफेसी कायद्याखाली विकून वसुली करावी लागते. तोवर व्याज चढलेलं असतं, भाव उतरलेले असू शकतात, लिलावाचा खर्चही असतो. ऐंशी टक्क्यांच्या वरची वीस टक्क्यांची जागा त्यासाठी राखलेली असते. त्यामुळे मेट्रो आल्यावर भाव काय होईल याच्याशी व्हॅल्युअरला देणंघेणं नसतं. आज विकला तर काय येईल, एवढंच त्याला सांगायचं असतं.

पहिली चूक: एजंटच्या क्षेत्रफळावर विसंबणं

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचा एक फ्लॅट कल्पून पाहू. इमारत २००१ सालची, तिसरा मजला, टू बीएचके. एजंट म्हणतो नऊशे स्क्वेअर फूट, आठ हजारांचा दर, बहात्तर लाख. हे नऊशे म्हणजे सुपर बिल्टअप. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा धरलेला असतो. २००१ च्या करारनाम्यात बिल्टअप ७४० फूट आणि शेजारी ९० फुटांची टेरेस लिहिलेली आहे. मालकाने ती टेरेस बंद करून तिसरी खोली केली आहे आणि फ्लॅट ‘अडीच बीएचके’ म्हणून विकायला काढला आहे.

व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात धरून मोजतो. नकाशात त्या जागी खोली नाही, उघडी टेरेस आहे. उघड्या टेरेसला त्याने फ्लॅटच्या दराचा काही भाग दिला असता, पण परवानगीशिवाय बांधून काढलेल्या खोलीला तो काही धरत नाही, उलट अहवालात शेरा मारतो. जवळपासचे व्यवहार पाहून तो बिल्टअपला ९,००० रुपये दर लावतो. म्हणजे एजंटच्या दरापेक्षा हजार रुपये जास्तच. तरी ७४० फुटांचे होतात ६६ लाख ६० हजार. इथे दर कमी धरल्याची तक्रार करून उपयोग नाही, कारण फरक सगळा क्षेत्रफळातला आहे.

आता कर्ज ६६.६० लाखांच्या ऐंशी टक्के, म्हणजे ५३.२८ लाख. विक्रेत्याला द्यायचे ७२, तेव्हा खिशातून जाणार १८.७२ लाख. पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५.०४ लाख, नोंदणीचे ३० हजार. एकूण स्वतःचे पैसे २४.०६ लाख लागले. तयारी होती साडेचौदा लाखांची. तूट साडेनऊ लाखांच्या वर.

मुद्रांक शुल्काचा मुद्दा इथे पुष्कळांना चकवतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एलटीव्ही काढताना मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि कागदपत्रांचा खर्च घराच्या किमतीत मिळवता येत नाही. अपवाद फक्त दहा लाखांपर्यंतच्या घरांचा. शहरातल्या फ्लॅटला तो लागू होण्याची वेळ क्वचितच येते. तेव्हा हा खर्च पूर्ण आपल्याकडचा धरूनच चालावं.

इसार देण्याआधी विक्रेत्याकडून जुन्या करारनाम्याचं क्षेत्रफळाचं पान आणि मंजूर नकाशाची प्रत मागा. घरात एक चक्कर मारून खोल्या नकाशाशी जुळवून पाहा. तासाभराचं काम आहे आणि त्यातून काही लाखांचा प्रश्न आधीच कळतो. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, एसी यांचे पैसे विक्रेता लावतो, त्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल, पण बँक त्यावर सहसा कर्ज देत नाही.

दुसरी चूक: करारनाम्यात किंमत कमी दाखवणं

विक्रेता म्हणतो, साठ लाखांचा करार करू, बारा रोख द्या, तुमचं शुल्कही वाचेल. रेडी रेकनरची किंमत साठच्या खाली आहे असं धरलं, तर सात टक्क्यांनी ८४ हजार वाचतात. पण आता कमी आकडा करारनाम्यातला झाला. कर्ज साठ लाखांच्या ऐंशी टक्के, ४८ लाख. स्वतःचे १२ लाख, वर रोखीचे १२ आणि साडेचार लाख शुल्क-नोंदणी, मिळून २८.५० लाख. ८४ हजार वाचवण्यासाठी आणखी जवळपास साडेचार लाख उभे करावे लागले.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे बेकायदा आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. पुढे तुम्ही फ्लॅट विकाल तेव्हा तुमची खरेदी साठ लाखांचीच धरली जाईल आणि त्या बारा लाखांवरही भांडवली नफ्याचा कर तुम्ही भराल. या सौद्याला सरळ नकार द्यावा.

तिसरी चूक: टक्क्यांची पायरी न पाहणं

रिझर्व्ह बँकेने वैयक्तिक गृहकर्जाला कमाल मर्यादा घातली आहे: तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, तीसच्या वर पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्के, त्याच्या वर ७५ टक्के. या पायऱ्या कर्जाच्या रकमेवर आहेत, घराच्या किमतीवर नाहीत. समजा मूल्य ३६ लाख आहे. नव्वद टक्के म्हणजे ३२.४० लाख, पण ही रक्कम तीसच्या वर जाते, म्हणून ऐंशी टक्क्यांची मर्यादा लागते आणि ती येते २८.८० लाख. मात्र अर्ज नेमका तीस लाखांचा केला, तर तो पहिल्या पायरीत बसतो आणि चालतो. मूल्य साधारण ३३.३३ लाखांपासून ३७.५० लाखांपर्यंत असेल तर कमाल कर्ज तीस लाखच राहतं. तसंच ९३.७५ लाखांपासून एक कोटीपर्यंत ते ७५ लाखांवर अडकतं. या पट्ट्यात घराची किंमत वाढली की वाढलेला प्रत्येक रुपया तुमच्याच खिशातून जातो. विक्रेत्याशी भाव करताना हे डोक्यात ठेवा.

आणि या मर्यादा कमाल आहेत. जुनी इमारत असेल, भोगवटा प्रमाणपत्र नसेल, तर बँक याहून कमी देऊ शकते. व्हॅल्युअर इमारतीचं उरलेलं आयुष्यही लिहितो. ते कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी असेल तर बँक मुदत कमी करते. मग हप्ता वाढतो आणि पगारावर बसणारं कर्जही घटतं.

व्हॅल्युएशन कमी आलंच तर

आधी अहवाल पाहायला मागा. सगळ्या बँका प्रत देत नाहीत, पण शाखेत बसून आकडे सांगायला बहुतेक वेळा तयार असतात. तीन गोष्टी तपासा: क्षेत्रफळ करारनाम्याशी जुळतं का, मजला आणि इमारतीचं वर्ष बरोबर आहे का, पार्किंग धरलं आहे का. चूक इथे असेल तर कागद जोडून लेखी दुरुस्ती मागा, तिचा विचार होतो.

दर कमी वाटत असेल तर वाद न घालता पुरावा द्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेवर सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, ती मिळते. त्यात नोंदलेली किंमत, क्षेत्रफळ आणि तारीख असते. त्याच सोसायटीतले किंवा शेजारच्या तशाच वयाच्या इमारतीतले अलीकडचे दोन-तीन व्यवहार काढून बँकेला द्या. वेबसाइटवरच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट देऊ नका, ते मागितलेले भाव असतात. व्हॅल्युअरला परस्पर फोन करून आकडा वाढवायला सांगणं तर अजिबात नको, बँकेला कळलं तर प्रकरणच बंद होऊ शकतं.

एवढं करूनही आकडा तोच राहिला, तर दुसऱ्या बँकेत अर्ज करता येतो. दोन व्हॅल्युअरांच्या दरात थोडाफार फरक पडतो. पण वरच्या फ्लॅटसारखा प्रश्न टेरेसच्या खोलीचा असेल तर दुसराही तेच लिहील. अशा वेळी विक्रेत्याशी भाव पुन्हा बोलणं हाच मार्ग उरतो. त्यासाठी इसारपावतीत आधीच एक ओळ घालून घ्या: बँकेच्या मूल्यांकनानुसार ठरलेलं कर्ज मंजूर न झाल्यास इसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत केली जाईल. ही ओळ घालायला जो विक्रेता तयार नाही, त्याला चेक देण्याआधी त्या फ्लॅटचा मंजूर नकाशा पुन्हा एकदा नीट पाहा.