टॅग लावले, तरी रिपोर्ट जुळेना: या चुका टाळा

महिनाअखेरीस पोस्टचे टॅगवार व्ह्यूज काढले आणि त्यांची बेरीज एकूण व्ह्यूजच्या दुप्पट आली, तर ॲनालिटिक्सला दोष देऊ नका. घोळ बहुतेक वेळा टॅग लावतानाच झालेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे विषय, मोहीम आणि वाचकवर्ग या तिन्ही गोष्टी पोस्टच्या शीटमधल्या एकाच रकान्यात कोंबणे. "बचत, नवीन-वर्ष, विद्यार्थी" अशी ओळ माणसाला लगेच कळते. पण गूगल ॲनालिटिक्स ४ ला ती एकाच पॅरामीटरमध्ये पाठवली, तर त्याच्या लेखी तो एकच सलग मजकूर असतो. उद्या कोणी "विद्यार्थी, बचत, नवीन-वर्ष" असं लिहिलं की दुसरी ओळ तयार! म्हणून तीन रकाने, तीन पॅरामीटर: `theme`, `campaign_tag`, `audience`. तिन्ही कस्टम डायमेन्शन म्हणून आधी नोंदवा. नोंदणीपूर्वीचा डेटा त्या डायमेन्शनमध्ये मागाहून भरला जात नाही.

रकाने वेगळे केले तरी एक मोह उरतो, तो म्हणजे एका पोस्टला तीन-तीन विषय लावण्याचा. त्याने काय होतं ते आकड्यांत बघू. समजा चार पोस्ट आहेत आणि व्ह्यूज अनुक्रमे ९,०००, २,०००, १,००० आणि ३,०००, एकूण १५,०००. पहिलीला बचत, कर्ज, विमा असे तिन्ही टॅग लावले. दुसरीला फक्त बचत, तिसरीला कर्ज, चौथीला विमा. विषयवार काढलं तर बचत ११,०००, कर्ज १०,००० आणि विमा १२,०००. बेरीज ३३,०००, कारण पहिल्या पोस्टचे व्ह्यूज तीनदा मोजले गेले. खरं दुखणं बेरजेत नाही, निष्कर्षात आहे: तिन्ही विषय जवळपास सारखेच चालतात असं दिसतं. पहिली पोस्ट मुळात कर्जाबद्दल होती म्हणून तिला एकच मुख्य विषय दिला, तर चित्र पालटतं: कर्ज १०,०००, विमा ३,०००, बचत २,०००. बाकीचे विषय हवेच असतील तर "उपविषय" नावाचा वेगळा रकाना ठेवा; तो शोधासाठी वापरा, बेरजेसाठी नाही. (कर्जाचे १०,०००सुद्धा एकाच पोस्टच्या जोरावर आहेत, हे विसरू नका.)

आता मराठीत टॅग लिहिणाऱ्यांची खास डोकेदुखी. "कर्मचाऱ्यांसाठी" हा टॅग रिपोर्टमध्ये दोन ओळींत दिसतो, दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या. डोळे फोडून बघितलं तरी फरक सापडत नाही, कारण तो दिसणारा नाहीच. ऱ्य हे जोडाक्षर दोन प्रकारे टंकता येतं: थेट ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कीबोर्ड बदलला की प्रकार बदलतो. ओळखायचं कसं? शीटमध्ये `=LEN(A2)` चालवा. पहिल्या प्रकारात १५ येतात, दुसऱ्यात १६. शब्दामागे चुकून राहिलेली स्पेससुद्धा अशीच पकडली जाते. दुरुस्तीसाठी:

```
=SUBSTITUTE(TRIM(A2),"र्"&UNICHAR(8205),"ऱ्")
```

माझं मत विचाराल तर ॲनालिटिक्सकडे मराठी नाव पाठवूच नका. यंत्रासाठी `staff` असा छोट्या लिपीतला कोड ठेवा आणि मराठी नाव शीटमधल्या शेजारच्या रकान्यात. छोट्या लिपीचा आग्रह धरा, कारण `Staff` आणि `staff` या दोन वेगळ्या ओळी होतात. लिंकमधल्या `utm_campaign` चंही तसंच. कोड हाताने टंकू देऊ नका, ड्रॉपडाउन लावा. नवा कोड फक्त एकच जण घालेल, एवढं ठरवून टाका.

ड्रॉपडाउनमध्ये "इतर" ठेवायला हरकत नाही, पण त्यावर लक्ष हवं. महिन्यातल्या दहापैकी दोन-तीन पोस्ट तिथे जाऊ लागल्या, की एखादा विषय यादीत नाही किंवा दोन विषयांच्या सीमा धूसर आहेत. त्या पोस्ट काढून वाचा. पाच मिनिटांत कळतं. रिपोर्टमधलं `(not set)` मात्र वेगळं. तिथे बहुतेक वेळा पॅरामीटर पोहोचलेलाच नसतो, तेव्हा यादी नव्हे, टेम्प्लेट किंवा टॅग मॅनेजर तपासा.

राहिली मोहिमेचं नाव मध्येच बदलण्याची सवय. `newyear-save` चं अर्ध्यावर `save-first` केलं, तर आधीचे हिट जुन्याच नावाने राहतात. कोड तोच राहू द्या आणि शीटमधलं दाखवायचं नाव बदला. बदल आधीच झाला असेल तर जुना कोड, नवा कोड अशी दोन रकान्यांची जुळणी-यादी करून डॅशबोर्डमध्ये जोडा, म्हणजे दोन्ही तुकडे एका ओळीत येतील.