डाळ मिलच्या सेन्सिटिव्हिटी तक्त्यात या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यात मी प्रोजेक्ट रिपोर्ट बनवतो. बहुतेक डाळ मिलचे. नवीन पोरं रिपोर्ट दाखवायला येतात तेव्हा मी थेट शेवटचं पान उघडतो आणि तिथे एखादा आकडा हलला तर नफा किती हलतो हे दाखवणारा तोच तक्ता सापडतो: प्रत्येक आकडा 10 टक्के वर, 10 टक्के खाली. एका वेळी एकच आकडा हलवायचा, हे त्यांना ठाऊक असतं. कोणता आणि किती, हा विचार करायला मात्र कोणाला सवड नसते.

एक उदाहरण घेऊ. मशीन आणि शेड 25 लाख, खेळतं भांडवल 8 लाख, वर्षाला 3000 क्विंटल तूर. तूर 8000 रुपये क्विंटल. त्यातून 70 किलो डाळ 118 रुपयांनी आणि 28 किलो चुनी-भुसी 20 रुपयांनी, म्हणजे 8820 रुपये आले. भरडाईचा खर्च 450. क्विंटलमागे उरले 370. वर्षाचा 3 लाख 10 हजारांचा बांधील खर्च वजा केला की हातात 8 लाख. कर सोडून देऊ. 8 वर्षं, 12 टक्के दर, खेळतं भांडवल शेवटी परत येतं. एनपीव्ही, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांची या दराने काढलेली आजची किंमत वजा आजचा खर्च, साधारण 10 लाख येतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मीही असाच तक्ता बनवला होता. तुरीचा भाव 10 टक्के वाढवला, बाकी सगळं तसंच. एनपीव्ही आला उणे 109 लाख! मी तो छापून फाईलला लावला. मिल टाकणारा शेतकरी पान बघून म्हणाला, "भाऊ, तूर महागली त डाळ बी महागते ना जी! माह्या आज्याले बी समजत होतं हे." आठवलं की अजून कान तापतात. दोन्ही भाव 10 टक्के वाढवले तर क्विंटलमागे उरतात 396 रुपये, म्हणजे जवळपास तेच. फक्त खेळतं भांडवल जास्त लागतं. एकमेकांच्या मागे चालणारे आकडे वेगळे हलवले की तक्ता खोटं बोलतो. तेव्हापासून मी दोन भाव हलवतच नाही. त्यांच्यातला फरक हा एकच आकडा धरतो. तो क्विंटलमागे 67 रुपयांनी घटला की एनपीव्ही शून्यावर येतो. अशा धंद्यात हा आकडा मला सगळ्यात आधी पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना सारखेच 10 टक्के. मशीन 10 टक्के महागलं तर एनपीव्ही अडीच लाखांनीच घटतो, आणि तरी लोक कोटेशनवर महिनाभर घासाघीस करतात. उतारा बघा. 70 किलोचा 69 झाला तर एक किलो डाळ जाऊन एक किलो चुनी येते, क्विंटलमागे 98 रुपये गेले. वर्षाला 2 लाख 94 हजार. एनपीव्ही उणे साडेचार लाखांच्या घरात! उताऱ्याचे 10 टक्के म्हणजे 7 किलो, एवढा तो सहसा हलत नाही. पण एखादा किलो सहज हलतो. तुरीचं टरफल डिंकासारख्या थराने चिकटलेलं असतं. तेल-पाणी लावून रात्रभर ठेवायचं, मग उन्हात वाळवायचं. ढगाळ आठवडा आला, दाणा ओला राहिला, की टरफल सुटत नाही आणि घासण्यात डाळच चुनीत जाते. म्हणून प्रत्येक आकड्याची पट्टी त्याच्या स्वभावाप्रमाणे ठरवा. मिलवाल्याला विचारा, गेल्या काही हंगामांत सगळ्यात वाईट उतारा किती होता. उत्तर द्यायला तो दोन मिनिटं विचार करतो, ती दोन मिनिटं वाया जात नाहीत.

आता बाकीच्या चुका झटपट.

आकडा हलवल्यावर मूळ जागी परत न आणता पुढचा हलवणं. मी प्रत्येक बदलानंतर मूळ 10 लाख दिसतात का ते बघतो, आणि सूत्रावर आकडा टाइप करणाऱ्याला माझ्या खुर्चीवर बसू देत नाही.

एक्सेलच्या NPV मध्ये आजचा खर्चही धरणं. ते सूत्र पहिल्या आकड्याला एक वर्षानंतरचा समजतं. म्हणून:

```
=NPV(12%,C3:C10)+C2
```

C2 मध्ये उणे 33 लाख. ते कंसात घातलंत तर 10 लाखांचे 8 लाख 90 हजार होतात.

आवक आणि भाव सुटे समजणं. पाऊस दगा देतो तेव्हा आसपासची तूर घटते, मिल कमी चालते आणि फरकही आवळतो. हे एकेक आकडा हलवून दिसत नाही. त्यासाठी "कोरडं वर्ष" असा वेगळा हिशेब मांडा. 3000 चे 2700 क्विंटल आणि फरक 50 रुपयांनी कमी धरला, की 8 लाखांचे 5 लाख 54 हजार उरतात. हीच पातळी आठही वर्षं राहिली तर एनपीव्ही उणे सव्वादोन लाख.

त्या शेतकऱ्याने पुढे तीन ठिकाणची तूर एकेक क्विंटल भरडून आणली. उतारा 69 ते 71 निघाला. मग त्याने निम्मी तूर स्वतः विकत घ्यायची आणि निम्मी लोकांची मजुरीवर भरडायची ठरवलं. त्या अर्ध्यात भावाच्या फरकाची जोखीम त्याच्या डोक्यावर राहिली नाही.