दशांश चिन्ह गिळणारी सफाई: भाषांतराआधी फॅक्स स्वच्छ करताना या चुका टाळा

भाषांतरासाठी येणाऱ्या कागदांत सगळ्यात छळणारा कागद म्हणजे फॅक्सचा पीडीएफ. अक्षरं चेपलेली, पान तिरकं, वर सगळीकडे काळे ठिपके. असं पान हाती आलं की बहुतेक जण डाग काढायचं बटण दाबतात, मग पान सरळ करतात आणि ते ओसीआरला देतात. पान स्वच्छ दिसतं, मजकूरही निघतो. ०.५ चं ०५ झालंय हे मात्र कळतं ते भाषांतर पोचल्यावर.

इथे उदाहरणाला एका प्रयोगशाळेचा एकपानी तपासणी अहवाल घेऊ. इंग्रजी मजकूर, १० पॉइंटचा टाइप, दशांशातल्या आकड्यांचा तक्ता. पान साधारण दोन अंशांनी कललेलं, वर फॅक्स यंत्राने छापलेली तारखेची ओळ, मधून वरपासून खालपर्यंत गेलेली एक बारीक उभी रेघ आणि सगळीकडे ठिपके. बिघाड चार आहेत, पण ते एकाच वेळी झालेले नाहीत. कागद यंत्रात तिरका गेला, नंतर यंत्राने आपली रेघ आणि आपली ओळ वर चढवली. म्हणून दुरुस्ती उलट्या क्रमाने करायची: यंत्राने केलेलं आधी काढायचं, कागदाचा तिरकेपणा नंतर.

चूक पहिली: स्क्रीनवर दिसणाऱ्या पानावर काम सुरू करणं

पीडीएफमध्ये दिसतं ते पान वेगळं आणि आत ठेवलेलं चित्र वेगळं. स्क्रीनशॉट घेतला किंवा पीडीएफचं जेपीईजी केलं, की काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या कडांना करडी धूळ चिकटते आणि खरा ठिपका किती पिक्सेलचा होता हे मोजता येत नाही. आतलं चित्र जसंच्या तसं बाहेर काढा. पॉपलर या मोफत संचातली आज्ञा हे काम करते:

```
pdfimages -list report.pdf
pdfimages -png report.pdf pan
```

पहिली आज्ञा चित्राची रुंदी, उंची आणि साठवणीची पद्धत दाखवते. आपल्या अहवालाची रुंदी १७२८ आणि उंची सुमारे ११४३ निघाली. जुन्या पद्धतीच्या फॅक्समध्ये ए-फोर पानाची आडवी ओळ साध्या आणि बारीक दोन्ही दर्जांत १७२८ पिक्सेलची असते. साध्या दर्जात उभ्या दिशेने दर मिलिमीटरला ३.८५ ओळी जातात, बारीक दर्जात ७.७. ए-फोर पानाची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे साध्या दर्जात ११४३ ओळी आणि बारीक दर्जात २२८७. उंचीच्या आकड्यावरूनच पाठवणाऱ्याने कोणता दर्जा लावला होता ते कळतं.

याच यादीत `enc` नावाचा रकाना असतो. तिथे `ccitt` असेल तर निश्चिंत राहा, ती साठवण काहीही बदलत नाही. `jbig2` दिसलं तर सावध व्हा. या पद्धतीचा एक प्रकार सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच समजून एकीच्या जागी दुसरी बसवतो. २०१३ साली डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं, की अशा साठवणीमुळे काही कार्यालयीन स्कॅनर ६ च्या जागी चक्क ८ देत होते. तो ८ अगदी स्वच्छ आणि रेखीव असतो, त्यामुळे कितीही सफाई केली तरी चूक सापडत नाही. अशा वेळी ग्राहकाकडून मूळ प्रत मागवणं हाच उपाय.

चूक दुसरी: आधी पान सरळ करणं

साध्या दर्जाच्या फॅक्समध्ये पिक्सेल चौरस नसतो. आडवे इंचाला २०४, उभे जेमतेम ९८. असं चित्र चौरस पिक्सेल समजून फिरवलं तर ओळी आडव्या होतात, पण अक्षरं आणि तक्त्याचे रकाने कललेलेच राहतात. ओसीआर मग शेजारच्या रकान्यातला आकडा उचलून भलत्या ओळीला लावतो. म्हणून आधी उंची ताणून प्रमाण दुरुस्त करायचं, फिरवायचं त्यानंतर.

दुसरं कारण त्या तारखेच्या ओळीचं. पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि पान क्रमांक असलेली ही ओळ यंत्राने स्कॅननंतर चढवलेली असते, म्हणून ती अगदी सरळ असते. तिच्याखालचा मजकूर मात्र कललेला. सरळ करणारी प्रणाली दोन्ही एकत्र पाहते आणि कोन चुकवू शकते. झेरॉक्सच्या कडेला येणारा काळा पट्टाही असाच दिशाभूल करतो. दोन्ही आधी कापा. ओळ मात्र फेकून देऊ नका. अधिकृत भाषांतरात तिची नोंद लागते आणि तीन पानांपैकी एक पोचलंच नाही हेही तिच्यावरूनच कळतं.

उभ्या रेघेचंही तसंच. ती स्कॅनरच्या काचेवरच्या कचऱ्याची रेघ. कागद पुढे सरकतो, कचरा जागचा हलत नाही, म्हणून ती पिक्सेलच्या एकाच उभ्या रकान्यात नेमकी बसते. पान फिरवण्याआधी तेवढा रकाना पांढरा केला की काम झालं. फिरवल्यानंतर तीच रेघ तिरकी होऊन अनेक रकान्यांत पसरते आणि अशी सहज काढता येत नाही. आपल्या अहवालात ती ८१२ आणि ८१३ या दोन रकान्यांत होती. इमेजमॅजिक या मोफत प्रणालीची आज्ञा अशी:

```
magick pan-000.png -chop 0x30 +repage \
  -fill white -draw "rectangle 812,0 813,1200" a.png
```

इथे वरच्या ३० ओळी कापल्या. तुमच्या पानावर किती ते मोजून ठरवा. रेघेच्या जागी एखादा १ किंवा इंग्रजी एल उभा असेल तर तोही पुसला जातो, म्हणून त्या रकान्यावर पडणारे शब्द मूळ चित्राशी ताडून पाहायचे.

चूक तिसरी: न मोजता डाग काढणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. १० पॉइंटच्या टाइपात पूर्णविरामाचा ठिपका साधारण एक पॉइंटचा, म्हणजे ०.३५ मिलिमीटरचा. फॅक्समध्ये तो आडवा सुमारे तीन पिक्सेल होतो आणि साध्या दर्जात उभा एक किंवा दोन. म्हणजे अख्ख्या दशांश चिन्हाचं क्षेत्रफळ तीन ते सहा पिक्सेल. सर्वसाधारण डाग-काढू गाळणी तीन बाय तीनच्या चौकटीत बहुमत पाहते. एका पिक्सेलच्या जाडीची आडवी रेघ तिथे नऊत तीन मतं मिळवते आणि हरते. दशांश चिन्हाबरोबर ऋण चिन्ह आणि इंग्रजी ई मधली आडवी रेघसुद्धा जाते.

मूळ मजकूर देवनागरी असेल तर धोका आणखी मोठा. अनुस्वार हा आकाराने पूर्णविरामाचाच भाऊ. तो गेला की मांसाचा मास होतो, खंतीचं खत होतं, आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीस हूं की चूं करत नाही. साध्या दर्जात शिरोरेघही एक-दोन पिक्सेलचीच उरते.

म्हणून गाळणी नको, क्षेत्रफळ मोजून डाग काढा. मूळ चित्र आठशे टक्के मोठं करून पाहा आणि नक्की ठाऊक असलेले पाच-सहा ठिपके मोजा: आय वरचा, वाक्याच्या शेवटचा, तक्त्यातल्या दशांशाचा. मग रिकाम्या समासातले डाग मोजा. आपल्या अहवालात मोजलेले खरे ठिपके तीन पिक्सेलच्या खाली नव्हते आणि डाग बहुतांशी एक-दोन पिक्सेलचे होते. म्हणून मर्यादा तीन, म्हणजे तीनपेक्षा लहान ते जाईल:

```
magick a.png \( +clone \
  -define connected-components:area-threshold=3 \
  -define connected-components:mean-color=true \
  -connected-components 8 -threshold 50% \) \
  -compose Lighten -composite b.png
```

शेवटच्या ओळीचं कारण असं: ही पद्धत छोटे काळे डाग काढते तशी छोटी पांढरी भोकंही बुजवते, आणि मग ई चा सी होतो किंवा ८ चा नुसता गोळा. `Lighten` ने साफ केलेलं आणि मूळ चित्र एकमेकांवर ठेवलं की दोन्हींपैकी कुठेही पांढरं असलेलं पांढरंच राहतं. डाग जातात, भोकं उघडी राहतात.

डाग आणि दशांश चिन्हं एकाच आकाराची निघाली तर? मग आपोआप सफाई करूच नका. समास आणि ओळींमधली जागा हाताने पुसा, तक्त्याला हात लावू नका. झेरॉक्स प्रत एकाहून जास्त पानांची असेल तर आणखी एक खूण उपयोगी पडते. प्रत्येक पानावर नेमका त्याच जागी येणारा ठिपका हा यंत्राचा डाग, मजकूर नव्हे.

चूक चौथी: काळं-पांढरं चित्र तसंच फिरवणं

दोन अंशांचा कल म्हणजे १७२८ पिक्सेलच्या रुंदीत सुमारे ६० पिक्सेलची चढण. चौरस पिक्सेलच्या हिशेबाने या टाइपाच्या जवळजवळ दोन ओळी होतात. त्यामुळे सरळ करणं टाळता येत नाही. पण निव्वळ काळं-पांढरं चित्र फिरवलं तर अक्षरांना पायऱ्या पडतात. आधी मोठं करा, करड्या छटा येऊ द्या, मग फिरवा:

```
magick b.png -colorspace Gray -resize 200%x416% \
  -background white -deskew 40% +repage c.png
```

रुंदी दुप्पट झाली आणि उंची ४.१६ पट, म्हणजे दोन्हीकडे इंचाला ४०८ पिक्सेल. बारीक दर्जाचा फॅक्स असता तर दुसरा आकडा २०८ टक्के. याहून मोठं करण्यात अर्थ नाही. फॅक्सने न पाठवलेला तपशील ताणल्याने येत नाही. नंतर एका लांब ओळीची डावी आणि उजवी उंची मोजून पाहा. वरच्या ओळी सरळ आणि खालच्या अजून कललेल्या असतील तर कागद आत जाताना घसरत गेलेला आहे. अशा पानाचे आडवे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा सरळ करावा लागतो.

चूक पाचवी: साफ प्रतीवरून भाषांतर करणं

साफ प्रत ओसीआरसाठी असते, भाषांतर करणाऱ्याच्या डोळ्यांसाठी नव्हे. काम करताना शेजारी मूळ, डागाळलेलं चित्रच उघडं ठेवा. आपल्या अहवालात ओसीआरने एका ठिकाणी १२५ दिलं. वरच्या-खालच्या ओळींत ११.८ आणि १३.१ होते, आणि मूळ चित्रात दोन व पाच यांच्यामध्ये दोन पिक्सेलची खूण होती. खरा ठिपका, पण फॅक्समध्येच झिजून मर्यादेखाली गेलेला. अशा जागी नुसतं १२.५ लिहून मोकळं होऊ नये. १२.५ लिहून शेजारी चौकटी कंसात ‘मूळ प्रतीत ठिपका अस्पष्ट’ अशी टीप द्यावी आणि ग्राहकाला त्या एका आकड्याबद्दल विचारावं. शेजारच्या आकड्यांवरून अंदाजही करता येत नसेल तर ‘अवाचनीय’ लिहावं.